पंचेचाळीस मिलिग्रॅम की पंचेचाळीस मिली? रात्रपाळीतल्या एका डोसचं प्रकरण

हे प्रकरण खान्देशातल्या एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातलं आहे. रुग्णालय, गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. औषध, वजन आणि हिशेब मात्र जसेच्या तसे ठेवले, कारण सगळा मुद्दा त्या आकड्यांतच आहे.

पार्श्वभूमी

कापूस वेचणीचे दिवस. घरातली मोठी माणसं दिवसभर शेतात आणि सात महिन्यांचं बाळ आजीजवळ. दोन दिवस ताप होता. रात्री आठच्या सुमाराला घरी तापाचं सिरप पाजलं, ते लगेच उलटून पडलं. मग दूधही पोटात ठरेना. मध्यरात्रीनंतर आई, आजी आणि शेजारचा एक मुलगा मोटारसायकलवरून बाळाला घेऊन आले. अपघात विभागात ताप मोजला तेव्हा १०३ च्या वर होता. वजन सहा किलो. सात महिन्यांच्या मुलाला हे वजन कमीच, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

ड्युटीवर एकच वैद्यकीय अधिकारी होते. त्याच वेळी कपाशीवर फवारायचं औषध प्यालेला एक तरुण आणला गेला होता. त्याला अॅट्रोपिन चालू होतं आणि डॉक्टरांना त्याच्यापासून हलता येत नव्हतं. त्यांनी बाळाला तपासलं, मलेरियाची तपासणी सांगितली, सलाईन लिहिलं. तोंडावाटे काही टिकत नाही म्हणून ताप उतरवायला शिरेतून पॅरासिटामॉल लिहिलं आणि बाळाला वर मुलांच्या वॉर्डात पाठवलं.

वॉर्डात रात्रीला एक सिस्टर आणि एक मावशी. त्या रात्री बऱ्याच खाटा भरलेल्या होत्या, त्यांतली बहुतेक मुलं तापाचीच. सिस्टर मूळच्या याच भागातल्या, मुलांच्या वॉर्डात काही वर्षं काढलेल्या.

केसपेपरवर ओळ अशी होती: ‘इंज. पीसीएम ४५ एमएल आयव्ही, दर सहा तासांनी’.

अडचण कुठे दिसली

शिरेतून द्यायचं पॅरासिटामॉल साधारणपणे १०० मिलीच्या बाटलीत येतं आणि त्या बाटलीत एक ग्रॅम, म्हणजे १००० मिलिग्रॅम औषध असतं. एका मिलीत दहा मिलिग्रॅम. ही दहाची पट हिशेबाला सोपी आहे आणि तितकीच घातकही, कारण मिलिग्रॅमच्या जागी मिली लिहिलं गेलं की डोस नेमका दहापट होतो. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१० सालीच नवजात आणि तान्ह्या बाळांच्या बाबतीत या चुकीविषयी सावध केलं होतं. चूक जुनी आहे, जगभर झालेली आहे, आणि ती करणारे निष्काळजीच असतात असं नाही.

दहा किलोच्या आतल्या बाळाला शिरेतून किलोमागे साडेसात मिलिग्रॅम धरतात. सहा किलोला ४५ मिलिग्रॅम, म्हणजे साडेचार मिली. डॉक्टरांच्या डोक्यातला हिशेब अगदी बरोबर होता. कागदावर उतरताना एककाची जागा बदलली. याच्या मागे सवय आहे. मुलांची पातळ औषधं दिवसभर मिलीत लिहायची असतात: सिरप अडीच मिली, ओआरएस पन्नास मिली. पंचविसाव्या केसपेपरवर हात मिलिग्रॅमचा ‘एमजी’ लिहायचा सोडून ‘एमएल’कडे वळतो.

मोठ्या मुलाच्या बाबतीत हीच चूक झाली असती तर ती बहुधा आपोआप अडली असती. बारा किलोच्या मुलाला किलोमागे पंधरा धरून १८० मिलिग्रॅम लागतं. तिथे ‘१८० मिली’ लिहिलं गेलं तर एक बाटली पुरत नाही, दुसरी फोडायला हात जातो आणि तिथेच माणूस थबकतो. अँप्यूलमधल्या औषधाचंही तसंच, एका मुलासाठी आठ-दहा अँप्यूल फोडायची वेळ आली तर कुणीही विचारेल. पण ४५ मिली शंभरच्या बाटलीत आरामात मावतं. बाळ जितकं लहान, तितकी ही चूक बाटलीत लपते.

सिस्टरांना ती बाटलीवर दिसली नाही. ती दिसली थेंबांत. बाळाला पेडिया ड्रिप सेट लावलेला होता. या सेटमधून साठ थेंबांचं एक मिली होतं, म्हणून तासाला जितके मिली द्यायचे तितकेच थेंब मिनिटाला पाडायचे, असा सोपा हिशेब असतो. बाळाचं सलाईन मिनिटाला २५ थेंबांवर लावलेलं. पॅरासिटामॉल पंधरा मिनिटांत जायला हवं. ४५ मिली पंधरा मिनिटांत, म्हणजे तासाला १८०, म्हणजे मिनिटाला १८० थेंब. सेकंदाला तीन. एवढ्या वेगाने पडणारे थेंब मोजताच येत नाहीत. घड्याळ पाहून थेंब लावायला गेलेला त्यांचा हात तिथे थांबला.

नुसत्या पाण्याच्या हिशेबाने सहा किलोच्या बाळाला ४५ मिली काही फार नाही. जुलाबाने सुकलेल्या बाळाला यापेक्षा जास्त पाणी भराभर देतात. म्हणजे थेंबांवरून शंका आली, चूक सिद्ध झाली नाही. ती सिद्ध झाली पुढच्या गुणाकारात. त्यांनी बाटली हातात घेऊन लेबल वाचलं आणि ४५ ला दहाने गुणलं. ४५० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची तापाची गोळी ५०० ची असते.

समोर कोणते रस्ते होते

पहिला रस्ता, लिहिलंय तसं देणं. सिस्टर याचा उल्लेखही करत नाहीत. पण रात्री दीड वाजता, एकटीच्या वॉर्डात, आजी खाटेजवळ उभी असताना हा रस्ता सगळ्यांत जवळचा असतो, हे विसरून चालणार नाही. आजी म्हणत होती, “पोऱ्यानं आंग तपी ऱ्हायनं, माय. लवकर लाव ना.” तिला भीती आकडीची होती.

दुसरा रस्ता जास्त मोहाचा. डॉक्टरांना साडेचार मिलीच म्हणायचं आहे हे उघड दिसतंय, तर साडेचार देऊन टाकावं आणि सकाळी त्यांच्याकडून कागद दुरुस्त करून घ्यावा. अनुभवी सिस्टर हे करतात, मी पाहिलेलं आहे, आणि बहुतेक वेळा त्यांचा अंदाज खराही ठरतो. तरी मला हा रस्ता धोक्याचा वाटतो. कागदावर ४५ मिली तसंच राहतं. सहा तासांनी, सकाळी सात-साडेसातला दुसरा डोस येतो. पाळी बदलण्याच्या गडबडीत तो जिच्या हाती पडेल तिने थेंब मोजले नाहीत तर? पहिला डोस वाचला आणि दुसरा गेला, असं होतं.

तिसरा रस्ता, शिरेतलं औषध टाळून सपोझिटरी देणं. हा वाईट नव्हता, पण वॉर्डात होती ती मोठ्या मुलांची. ती कापून अंदाजे देणं म्हणजे एका अंदाजाच्या जागी दुसरा अंदाज.

चौथा, डोस रोखून डॉक्टरांना विचारणं. त्यांनी हा धरला. पण विचारण्याआधी दोन गोष्टी केल्या आणि त्या दोन्ही शिकण्यासारख्या आहेत.

एक, बाळाचं वजन पुन्हा घेतलं. चूक वजनातही असू शकत होती. कपडे काढून, वॉर्डातल्या तान्ह्या बाळांच्या काट्यावर. सहा किलोला थोडं कमी भरलं. वजनाची शंका मिटली.

दोन, मावशीला बाळाजवळ बसवून त्या समोरच्या प्रसूती वॉर्डातल्या सिस्टरांकडे गेल्या. हातात बाटली. “हे ४५ मिली जास्त आहे ना?” असं त्यांनी विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, “ताई, सहा किलोचं बाळ, साडेसातने पॅरासिटामॉल. या बाटलीतून किती काढशील?” त्या सिस्टरांनी लेबल वाचलं, तळहातावर पेनाने आकडेमोड केली आणि म्हणाल्या, “साडेचार.” मग केसपेपर दाखवला.

दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं तर उत्तर आधी सांगायचं नाही. आकडा समोर ठेवून ‘बरोबर आहे ना’ विचारलं की दमलेला माणूस ‘हो’ म्हणतो. त्यात तपासणी होत नाही, नुसती सही होते.

दोन फोन

पहिल्या फोनला नेमकं हेच झालं.

सिस्टर: “सर, मुलांच्या वॉर्डातून बोलतेय. आत्ता आलेलं बाळ, पीसीएम ४५ लिहिलंय. ४५च ना?”

डॉक्टर: “हो, ४५. द्या. मी इथे अडकलोय.”

फोन बंद. डॉक्टर खोटं बोलले नाहीत. त्यांच्या मनात ४५ मिलिग्रॅम होतं, कानावर ४५ आलं, दोन्ही जुळलं. चूक एककात होती आणि प्रश्नात एकक नव्हतंच. आता सिस्टरांच्या हातात आधीपेक्षा वाईट गोष्ट होती, ती म्हणजे डॉक्टरांनी तोंडी पक्का केलेला चुकीचा डोस.

या प्रकरणातला खरा निर्णय इथे आहे. चूक ध्यानात येणं अवघड असतं, पण डॉक्टरांनी एकदा ‘द्या’ म्हटल्यावर पुन्हा फोन लावणं त्याहून अवघड. ते खाली एका मरणाऱ्या तरुणाशी झगडत आहेत हे माहीत असताना तर फारच. सिस्टरांनी मला सांगितलं की दोन-तीन मिनिटं त्या नुसत्या उभ्या होत्या. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचा केसपेपर नजरेला पडला. चौदा किलोची मुलगी, त्याच डॉक्टरांनी संध्याकाळी लिहिलेलं: ‘पीसीएम २१ एमएल’. किलोमागे पंधराने २१० मिलिग्रॅम, म्हणजे २१ मिली. तो डोस बरोबर होता. चौदा किलोला २१ आणि सहा किलोला ४५, हे शेजारी शेजारी दिसल्यावर त्यांचा धीर परत आला.

त्यांनी पुन्हा फोन लावला.

“सर, परत त्रास देते. बाळाचं वजन सहा किलो, मी पुन्हा घेतलंय. कागदावर ४५ मिली आहे. या बाटलीत मिलीला दहा मिलिग्रॅम आहे, म्हणजे ४५० मिलिग्रॅम होतंय. किलोमागे ७५. आपल्याला साडेसात हवंय ना? मी डोस दिलेला नाही.”

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग: “४५ मिलिग्रॅम, सिस्टर. मिलिग्रॅम. साडेचार मिली. थांबा, मी वर येतो.”

दुसऱ्या फोनमध्ये वजन आहे, बाटलीची तीव्रता आहे, एकूण मिलिग्रॅम आहे, किलोमागचा आकडा आहे, आणि डोस दिलेला नाही हेही आहे. यातलं काहीही ‘हो’ म्हणून उडवून लावता येत नाही. ऐकणाऱ्याला मनात गुणाकार करावाच लागतो. “सर, जास्त वाटतंय” असं त्या म्हणाल्या असत्या तर प्रश्न त्यांच्या वाटण्याचा झाला असता.

दुरुस्ती आणि डोस

खालच्या तरुणाजवळ ब्रदरला बसवून डॉक्टर काही मिनिटांत वर आले. जुनी ओळ एका सरळ रेघेने खोडली, ती वाचता येईल अशी ठेवली, बाजूला सही आणि वेळ लिहिली. नवीन ओळीत औषधाचं पूर्ण नाव, वजन, मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही, आणि ‘पंचेचाळीस’ अक्षरांत. दिवसाला जास्तीत जास्त किती तेही लिहिलं: किलोमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे या बाळाला १८०. घरी दिलेल्या सिरपला पाच तास होऊन गेले होते आणि ते उलटून पडलं होतं, हे आजीकडून पुन्हा विचारून घेतलं.

बाटली सेटला लटकवली नाही. दहा किलोच्या आतल्या बाळाला बाटली लटकवायचीच नाही, लागेल तेवढं सिरिंजमध्ये काढून घ्यायचं, असा नियम आहे. लटकवलेली बाटली लक्ष चुकलं तर सगळीच जाऊ शकते. सिस्टरांनी पाच मिलीच्या सिरिंजमध्ये साडेचार मिली काढलं, प्रसूती वॉर्डातल्या सिस्टरांना सिरिंज दाखवली, ब्युरेटमध्ये सलाईन मिळवून पंधरा मिली केलं आणि मिनिटाला साठ थेंब लावले. सेकंदाला एक, डोळ्यांनी मोजता येतील असे.

या सगळ्यात बाळाचा डोस अर्धा-पाऊण तास लांबला. आजी चिडली होती. सिस्टर तिला अहिराणीतच म्हणाल्या, “मी दवाई मोजी ऱ्हायनी, माय,” आणि बाळाचं स्वेटर-टोपी काढायला लावली. आईला थोडं थोडं पाजायला सांगितलं. त्या अर्ध्या तासाने बाळाचं काही बिघडणार नव्हतं. तापाच्या औषधाने तापातली आकडी टळते असा सगळ्यांचा समज आहे, पण तसं सिद्ध झालेलं नाही. औषध बाळाला बरं वाटावं म्हणून असतं. त्याची घाई डोस तपासण्यापेक्षा मोठी नाही.

गेलं असतं तर

हा भाग मी मुद्दाम लिहितो आहे, कारण ‘पॅरासिटामॉलच तर आहे’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलेलं आहे.

शिरेतून एका वेळी किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर उतारा देण्याचा विचार करावा लागतो. इथे एका डोसला ७५ जाणार होते. चार डोस झाले असते तर दिवसात किलोमागे ३००. शिवाय बाळ वजनाने कमी आणि दोन दिवस नीट न प्यालेलं. पॅरासिटामॉलचा विषारी अंश यकृतात ग्लुटाथायोन नावाच्या द्रव्याने निकामी होतो, आणि कुपोषित, उपाशी बाळात त्याचा साठा आधीच कमी असतो.

सगळ्यांत वाईट म्हणजे कुणाला लगेच काही कळलं नसतं. पहिल्या डोसनंतर ताप उतरला असता, बाळ शांत झोपलं असतं. औषध छान लागू पडलं असं आजीपासून डॉक्टरांपर्यंत सगळे म्हणाले असते, आणि दुसरा डोस निश्चिंतपणे गेला असता. यकृताला झालेली इजा रक्तात दिसायला साधारण दिवस जातो. तोवर थोड्या उलट्या, थोडी मरगळ एवढंच, आणि ते तापाच्या बाळाला असतंच. उतारा म्हणजे एन-अॅसिटिलसिस्टीन हे पहिल्या काही तासांत उत्तम काम करतं. पण रक्तातलं पॅरासिटामॉल मोजायची सोय तालुक्याला नसते. बाळाला १०८ मधून जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावं लागलं असतं, आणि त्यासाठी आधी कुणाला तरी शंका यायला हवी होती.

पुढे काय झालं

बाळाचा ताप पहाटेपर्यंत उतरला, दूध टिकायला लागलं. मलेरिया निघाला नाही. तीन दिवसांनी घरी गेलं आणि वजनासाठी अंगणवाडीकडे जोडून दिलं.

सिस्टरांनी सकाळी पाळी देताना ही गोष्ट लपवली नाही. डॉक्टरांनी स्वतः अधिसेविकांसमोर काय लिहिलं होतं ते सांगितलं. हे त्यांनी केलं नसतं तर प्रकरण ‘सिस्टरने डॉक्टरची चूक काढली’ एवढ्यावर मिटलं असतं आणि पुढच्या वेळी कुठल्याही सिस्टरने फोन लावायला दहादा विचार केला असता. कुणावर कारवाई झाली नाही.

वॉर्डात दोन बदल झाले. मुलांच्या केसपेपरवर डोस मिलिग्रॅममध्ये आणि वजनासह असल्याशिवाय औषध काढायचं नाही, असं ठरलं. आणि औषधांच्या ट्रेवर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलच्या बाटलीतून किती मिली काढायचं याचा तक्ता लागला, तीन किलोपासून वीस किलोपर्यंत. तक्त्याला एक मर्यादा आहे. तो एकाच तीव्रतेच्या औषधाचा असतो. पॅरासिटामॉलचंच स्नायूत द्यायचं अँप्यूल बाजारात मिलीला १५० मिलिग्रॅमचं मिळतं, आणि ‘इंज. पीसीएम’ म्हटलं तर दोन्ही आले. म्हणून तक्त्याच्या वर बाटलीचा फोटो चिकटवला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

रात्री एका वॉर्डाला एकच सिस्टर हे अजून तसंच आहे. प्रसूती वॉर्डातली ताई त्या वेळी बाळंतपणात अडकलेली असती तर दुसरी तपासणी झालीच नसती. अशा वेळी अपघात विभागातल्या ब्रदरला फोनवर तोच प्रश्न विचारता येतो, उत्तर न सांगता.

डॉक्टरांच्या बाजूने पाहिलं तर, विषबाधेचा रुग्ण समोर असताना बाळाचा डोस लिहून हातावेगळा करण्यापेक्षा ‘सलाईन लावा, तापाचं मी दहा मिनिटांत सांगतो’ असं म्हणता आलं असतं. बाळ तेवढं थांबू शकत होतं.

आणि पहिला फोन. सिस्टर आता नव्या मुलींना शिकवतात तेव्हा तो फोन आधी वाचून दाखवतात आणि विचारतात, यात काय नाही? बऱ्याच जणी म्हणतात, वजन नाही. ते खरं आहे. पण त्या पुढे विचारत राहतात, जोवर कुणीतरी म्हणत नाही की ४५ च्या पुढे काहीच नाही. मग प्रत्येकीला एक बाटली आणि एक वजन देतात आणि तोच फोन नव्याने लावायला सांगतात, मिलिग्रॅमपासून सुरुवात करून.